ऊबरलिंगेनची रात्र : काही टिपणे

जेम्स रीझन यांनी अपघाताचे चित्र चीजच्या कापांवरून समजावले. प्रत्येक काप म्हणजे एक संरक्षण. प्रत्येकात भोके असतातच, पण एकाचे भोक दुसरा झाकतो. सगळी भोके एका रेषेत आली की अपघात होतो. चित्र पटते, फक्त त्यात काप एकमेकांपासून सुटे दिसतात, आणि माझे मन तिथेच अडते.

०

1 जुलै 2002, रात्री साडेअकराचा सुमार. जमीन जर्मनीतल्या ऊबरलिंगेनची, पण तिथल्या आकाशाचे नियंत्रण झुरिककडे. रशियन टुपोलेव्ह आणि मालवाहू बोइंग, दोन्ही 36,000 फुटांवर, एकमेकांची वाट छेदणार होती. रात्रपाळीच्या दोन नियंत्रकांपैकी एक विश्रांतीला गेलेला. रहदारी तुरळक असते म्हणून हे नेहमीच चालवून घेतले जाई.

०

त्या रात्री यंत्रणेच्या देखभालीचे काम काढले होते. त्यामुळे टकरीचा धोका पडद्यावर दाखवणारा इशारा बंद होता, मुख्य टेलिफोनही बंद. पर्यायी फोन होता, तो बिघडलेला. उशिरा आलेली एक एअरबस फ्रीडरिशहाफेनला उतरवायची होती आणि तिथला फोन काही लागेना. नियंत्रक त्यासाठी दुसऱ्या पडद्यापाशी अडकला. शेजारच्या कार्ल्सरूहच्या नियंत्रकाला धोका दिसला होता. तो झुरिकला फोन लावत राहिला, पण लागला नाही.

म्हणजे इशारा, फोन आणि शेजाऱ्याची नजर हे तीन काप. तिघांना भोक पाडण्यात देखभालीच्या त्या एकाच कामाचा हात. कागदावर ही संरक्षणे वेगळी मोजली जातात. खरे विचारायला हवे ते हे, की कोणती एक गोष्ट बंद पडली तर यातली किती एकदम जातील?

०

टकरीआधी 43 सेकंद नियंत्रकाने टुपोलेव्हला खाली यायला सांगितले. लगोलग विमानातल्या टीकॅसने, म्हणजे टक्कर टाळणाऱ्या यंत्राने, वर जायला सांगितले. बोइंगच्या टीकॅसने खाली जायला सांगितले आणि वैमानिकांनी ते ऐकले. टुपोलेव्हने माणसाचे ऐकले. दोन्ही विमाने खाली येत राहिली.

टीकॅस काय सांगतोय हे नियंत्रकाला तेव्हा दिसत नसे. वैमानिक बोलेल तेव्हाच कळे. बोइंगने कळवले, पण तोवर नियंत्रक पुन्हा एअरबसकडे वळला होता. नियंत्रक आणि टीकॅस ही दोन्ही संरक्षणे आपापल्या जागी काम करत होती. कोणाचे आधी ऐकायचे, याबद्दल मात्र टुपोलेव्हच्या वैमानिकांना मिळालेल्या नियमांत एकवाक्यता नव्हती.

71 माणसे गेली. त्यांत उफा शहरातली सुट्टीला निघालेली शाळकरी मुले बरीच होती.

०

जानेवारी 2001 मध्ये जपानच्या आकाशात असाच विसंवाद झाला होता. दोन विमाने थोडक्यात वाचली, सुमारे 100 जण जखमी झाले. भोक तेव्हाच उघडे पडले होते. टीकॅसचाच आदेश पाळायचा, हे जगभर निःसंदिग्ध झाले ते ऊबरलिंगेननंतर.

०

या टकरीत बायकामुले गमावलेल्या एका बापाने 2004 मध्ये त्या नियंत्रकाला भोसकून मारले. 2007 मध्ये स्विस न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चार व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवले.