चार खान्यांत दोन बोअर

अर्थशास्त्र शिकणाऱ्या भाचीने वहीत चार खाने आखले, तेव्हा मला वाटलं, चहा होईपर्यंत उरकेल. शेवगावच्या आमच्या शिवारात माझी आणि शेजारच्या तात्यांची विहीर हाकेच्या अंतरावर आणि खालचं पाणी एकच. प्रश्न एवढाच, की बोअर घ्यायचा की नाही. आकडे आम्ही अंदाजाने धरले, एका हंगामाचे, हजार रुपयांत. प्रत्येक खान्यात आधी माझा, मग तात्यांचा.

| | तात्या: नाही | तात्या: बोअर |
|---|---|---|
| मी: नाही | ६०, ६० | २०, ८० |
| मी: बोअर | ८०, २० | ३५, ३५ |

मी लगेच ६०-६० वर बोट ठेवलं. दोघांचं मिळून सगळ्यात जास्त तिथंच होतं. भाची म्हणाली, "मामा, बेरीज कुणी विचारली? तात्यांचे आकडे झाका."

झाकले. तात्यांनी बोअर घेतला नाही, असं धरून फक्त माझे आकडे वरून खाली पाहिले. ६० की ८०? ८०. म्हणजे बोअर. आता त्यांनी घेतला असं धरलं. २० की ३५? पुन्हा बोअर. समोरचा काहीही करो, माझ्या फायद्याचा डाव एकच, आणि अशा डावाला 'डॉमिनंट' म्हणजे वरचढ डाव म्हणतात. तात्यांसाठी आकडे डावीकडून उजवीकडे पाहायचे. त्यांचंही उत्तर तेच आलं आणि दोघं ३५ वर येऊन बसलो.

इथून मी एकट्याने माघार घेतली तर मला २० मिळतात, तात्यांचंही तसंच. एकट्याने हलून कुणाचाच फायदा होत नाही, तो खाना नॅश समतोल. जॉन नॅशने हे १९५० मध्ये मांडलं. त्याच वर्षी अल्बर्ट टकरने वेगवेगळ्या कोठडीत डांबलेल्या दोन कैद्यांची गोष्ट रचली. दोघं गप्प राहिले तर शिक्षा थोडी, पण प्रत्येकाला कबुलीच सोयीची. म्हणजे आमच्या शिवारात कैदी आम्हीच.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरला बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ती बंदी वहीत कशी आणायची? भाचीने बोअरवाल्याला ३० हजार दंड लावला. ८० चे ५० झाले आणि ३५ चे ५. आता बोअर न घेणं वरचढ, आणि ६०-६० हाच समतोल.

"एवढा दंड कोण भरणार? १८ ठेव," मी म्हणालो. मग ८० चे ६२ झाले आणि ३५ चे १७. तात्यांनी बोअर घेतला नाही तर मी घ्यावा, घेतला तर घेऊ नये. वरचढ डावच गायब! समतोल मात्र दोन निघाले, कारण एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने गप्प बसायचं, हे दोन्ही बाजूंनी टिकतं. कोणता खरा होईल, ते कोष्टक सांगत नाही.

इतका वेळ बिडी ओढत ऐकणारे तात्या पुढे सरकले. "म्हंजे ज्याचा आधी, त्याचे बासष्ट?"

"हो," भाची म्हणाली.

तात्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि बोअरवाल्याचा नंबर शोधायला लागले.