मायना आणि मौन

खलील जिब्रान मराठी वाचकाला परिचित आहे तो मुख्यतः वि. स. खांडेकरांनी अनुवादिलेल्या रूपककथांमुळे. या सूत्रमय जिब्रानपेक्षा अगदी वेगळा, संकोची आणि पुष्कळदा गोंधळलेला जिब्रान भेटतो, तो मय झियादा हिला त्याने लिहिलेल्या अरबी पत्रांत. तो न्यूयॉर्कमध्ये, ती कैरोत. जवळजवळ एकोणीस वर्षे टिकलेल्या या पत्रमैत्रीत दोघांची प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही.

आरंभ झाला तो मतभेदाने. 1912 मध्ये जिब्रानची ‘भग्न पंख’ ही अरबी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका सल्मा हिचा विवाह एका धर्माधिकाऱ्याच्या पुतण्याशी लादला जातो आणि विवाहानंतरही ती आपल्या प्रियकराला गुप्तपणे भेटत राहते. मयने पत्र लिहून लेखकाला कळवले की, स्त्रीवरील जुलुमाविषयीचा त्याचा संताप तिला मान्य आहे. परंतु भेट कितीही निष्पाप असली, तरी ती चोरून घेणे ही पतीची वंचनाच होय. वृत्तपत्र चालवणाऱ्या पित्याची ही सुविद्य कन्या स्वतः लेखिका होती आणि पुढे तिच्या घरी दर मंगळवारी भरणाऱ्या बैठकीला कैरोतील नामवंत साहित्यिक येत असत. एका समीक्षकाने लेखकाशी बोलावे तशी ती जिब्रानशी बोलली. या नात्याची पहिली वीट समीक्षेची होती, हे विसरून ही पत्रे वाचणारा त्यांत केवळ प्रणय शोधतो आणि निराश होतो.

प्रेम येथे कबुलीतून उमगत नाही. ते मायन्यातून उमगते. सुरुवातीच्या पत्रांत जिब्रान तिला ‘आदरणीय विदुषी’ म्हणून संबोधतो. पहिल्या महायुद्धात टपालाची ये-जा विस्कळीत झाली आणि पत्रे खंडली. 1919 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा ‘प्रिय कुमारी मय’ असे संबोधन दिसू लागते. पुढे उपाध्या गळतात आणि नुसते नाव उरते, तेही लेखिकेचे टोपणनाव नव्हे, तर घरचे ‘मारी’. तीर्थरूप, श्रीयुत, चि. सौ. कां. या पायऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला या प्रवासाचा अर्थ निराळा सांगावा लागू नये. मात्र प्रवास सरळ नाही. एखादा शब्द मयला उपरोधिक वाटतो, ती महिनोन्महिने लिहीत नाही आणि पुढच्या पत्राचा मायना पुन्हा दोन पावले मागे सरतो. समुद्रमार्गे पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत कित्येक आठवडे जात. तेवढ्या काळात लहानसा गैरसमजही पक्का होई.

जानेवारी 1924 मध्ये, अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, मयने अखेर आपले प्रेम लिहून टाकले. त्या पत्रात धिटाई आणि भय एकाच वाक्यात नांदतात. हे आपण बोलत नसून कागदावर लिहीत आहोत याचेच तिला समाधान वाटते. तो समोर असता, तर आपण पळून गेलो असतो असे ती म्हणते. बारा वर्षांपूर्वी सल्माच्या गुप्त भेटींना नकार देणारी नीतिनिष्ठ वाचक हीच, हे ध्यानात घेतले की या भयाची खोली कळते. जिब्रानच्या उत्तरात आश्वासन आहे, जिव्हाळा आहे. पण प्रवासाचा बेत नाही. येथे त्याच्याविषयी थोडे कठोर होणे प्राप्त आहे. याच काळात अमेरिकेत मेरी हॅस्केल ही त्याची आश्रयदाती आणि जिवलग त्याच्या इंग्रजी लेखनावर संस्कार करीत होती आणि तिच्याशीही त्याचा विपुल पत्रव्यवहार चालू होता. मयच्या वाट्याला आला तो पत्रांतला जिब्रान. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता.

हॅस्केलने दोन्ही बाजूंची पत्रे जपली. ती आज उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जिब्रानची मयला लिहिलेली पत्रे सल्मा हफ्फार अल्-कुझबरी आणि सुहैल बुश्रुई यांच्या संपादनाने 1979 मध्ये ‘निळी ज्योत’ या नावाने अरबीत प्रसिद्ध झाली. मयची मात्र फार थोडी पत्रे उपलब्ध आहेत. त्यामुळे तिचा राग वाचायचा तो त्याच्या खुलाशात आणि तिचे प्रश्न ओळखायचे ते त्याच्या उत्तरांवरून. दोघांच्या संवादात स्त्रीचा आवाज असा पुरुषाच्या पत्रातून गाळून यावा, ही या ग्रंथाची मर्यादा आहे आणि जिब्रानच्या सुंदर वाक्यांना भुलून अभ्यासक ती सहज विसरतात.

10 एप्रिल 1931 रोजी न्यूयॉर्कमध्ये जिब्रानचे निधन झाले. मयचे वडील त्याआधीच गेले होते; पुढच्या वर्षी आईही गेली. खचलेल्या मयला लेबनॉनमध्ये नेण्यात आले आणि 1936 मध्ये वेड लागल्याचे सांगून मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. लेखक-पत्रकारांनी आवाज उठवल्यावर तिची सुटका झाली. मार्च 1938 मध्ये बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात तिने व्याख्यान दिले आणि आपली बुद्धी शाबूत असल्याचे श्रोत्यांसमोर सिद्ध केले. त्या व्याख्यानाचा विषय होता साहित्यिकाचे जीवितकार्य. 1941 मध्ये कैरोत तिचा मृत्यू झाला. जिब्रानच्या एका छायाचित्रावर तिच्या हस्ताक्षरातली नोंद सापडली: कित्येक वर्षांपासूनचे आपले दुर्दैव ते हेच, अशा आशयाची.