पाहुण्यांचं वायफाय

ईदला आलेल्या भाच्याला अब्बांना जुनी कव्वाली ऐकवायची होती. त्याच्या फोनवर ती वाजत होती, पण हॉलमधल्या स्पीकरचं नाव कास्टच्या यादीत येईना. "मामू, स्पीकर बिघडलाय."

बिघडला नव्हता. भाचा गेस्ट वायफायवर होता, स्पीकर मुख्य वायफायवर. कास्ट करताना फोन सहसा गाणं पाठवत नाही, काय वाजवायचं तेवढं सांगतो; गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून आणतो. पण सांगण्याआधी फोनला घरात हाक द्यावी लागते, "कोण कोण आहे?" गेस्ट नेटवर्क ती हाक पलीकडे जाऊच देत नाही. इंटरनेट मात्र सुरळीत, म्हणून संशय बिचाऱ्या स्पीकरवर.

"मग स्पीकरही गेस्टवरच टाका," बायको म्हणाली. त्यानेही सहसा भागत नाही, कारण गेस्टवरची उपकरणं बहुतेक राउटरांत एकमेकांनाही दिसत नाहीत. भाच्याचा फोन मुख्य वायफायवर घेतला आणि स्पीकरचं नाव आलं. दोन्ही मुख्य वायफायवर असूनही नाव दिसलं नाही, तर राउटरमध्ये AP Isolation किंवा Client Isolation चालू आहे का ते पाहावं.

ही भिंत मी पाडणार नाही. पलीकडे प्रिंटर आहे, घरची कागदपत्रं असलेला लॅपटॉप आहे. घरच्यांना मुख्य पासवर्ड, बाकीच्यांना गेस्ट. त्यांना टीव्हीवर काही लावायचंच असेल, तर यूट्यूबमध्ये टीव्हीचा कोड टाकून जोडता येतं. ते इंटरनेटवरून होतं, भिंत आड येत नाही. स्पीकरला ब्लूटूथ असेल तर राउटरचा प्रश्नच नाही.

अब्बांनी कव्वाली दोनदा लावायला सांगितली.