पाच मिलिग्रॅमचे पंधरा, आणि पुन्हा पाच

काशीमीऱ्यात, हायवेच्या अलीकडच्या बाजूला माझा दवाखाना आहे. सर्दी-तापाबरोबर टीबीचे पेशंटही इथे नेहमीचेच. पण काशीगावातल्या त्या बाईंची फाइल मी अजून वेगळी ठेवली आहे. लहानपणच्या संधिवाती तापाने त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप निकामी झाली होती आणि मुंबईतल्या सरकारी रुग्णालयात तिथे धातूची झडप बसवली होती. शांत खोलीत त्यांच्या शेजारी बसलं की तिची टिकटिक ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या रोज रात्री पाच मिलिग्रॅम वॉरफरिन घेत. महिन्याला आयएनआर तपासायचा. निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो, त्यांचा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा होता, आणि वर्षानुवर्षं तो तसा राहतही होता.

मग मानेवर गाठ आली आणि तपासणीत टीबी निघाला. वजन ४६ किलो. ३५ ते ४९ किलोच्या गटाला चार औषधं एकत्र असलेल्या तीन गोळ्या रोज, म्हणजे रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम. मार्चमध्ये उपचार सुरू झाले. टीबीचं कार्ड एका जागी, हृदयाची फाइल दुसऱ्या जागी, आणि दोन्हीकडे लिहिलेलं आपापल्या परीने बरोबर. दोन्ही कागद एका टेबलावर आले ते माझ्याकडे, कारण त्या खोकल्याचं औषध मागायला आल्या होत्या.

‘‘ताई, आयएनआर कधी केला होता?’’

‘‘याच महिन्यात. २.९ होता. आता पुढच्या महिन्यात.’’

पुढच्या महिन्यापर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. त्यांचे यजमान भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यात कामाला, म्हणून मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. ऑर्डर वाढली की शेठ जादा माणसं लावतो, तसं रिफाम्पिसिन यकृताला जादा एन्झाइम तयार करायला लावतं. ही एन्झाइम वॉरफरिनही भराभर मोडतात, म्हणून पोटात पाच मिलिग्रॅम गेलं तरी उपयोगाला थोडंच उरतं. पण माणसं एका दिवसात लागत नाहीत आणि ऑर्डर संपली म्हणून त्याच दिवशी घरीही जात नाहीत. परिणाम चढायला एक-दोन आठवडे लागतात आणि गोळी बंद झाल्यावर उतरायलाही दोन ते चार.

टीबीचंच औषध बदलून देता येईल का, असं त्यांनी विचारलं. रिफाम्पिसिन काढलं तर सहा महिन्यांचा उपचार वर्ष-दीड वर्षावर जातो. म्हणून ते जागचं हलवत नाहीत, बाकीच्या औषधांनी त्याच्याशी जमवून घ्यायचं. एचआयव्हीच्या पेशंटला डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसाला एक असते, तिथे बारा तासांनी आणखी एक देतात आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात. फिटच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी मोजत राहावी लागते. माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा डोस वाढवून भागत नाही, तिथे साधनच बदलायचं, तांबी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्याही रिफाम्पिसिनपुढे टिकत नाहीत, आणि धातूच्या झडपेला त्या तशाही चालत नाहीत. म्हणजे वॉरफरिनच, आणि त्याचाच डोस वर न्यायचा. किती, हे कुठल्या तक्त्यात मिळत नाही. दुपटीपासून पाचपटीपर्यंत काहीही लागू शकतं, आणि ते आयएनआरच सांगतो.

त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि आठवड्याला तपासणी ठरली. पहिला आकडा २.६, दिसायला निर्धास्त. पुढच्या आठवड्यात १.८. दोनच्या खाली धातूची मायट्रल झडप उघड्यावर सोडायची नसते, म्हणून हेपॅरिनच्या जातीचं एनॉक्सापॅरिन सुरू केलं, किलोला एक मिलिग्रॅमच्या हिशेबाने सकाळ-संध्याकाळ, पोटाच्या कातडीखाली. यजमान ते टोचायला शिकले. वॉरफरिन साडेसात केलं, तरी आयएनआर १.६. मग दहा, मग साडेबारा. वॉरफरिनचा डोस बदलला की त्याचा खरा परिणाम दिसायला चार-पाच दिवस जातात, त्यामुळे रोज वाढवायचा मोह टाळावाच लागतो. पंधरा मिलिग्रॅमवर आकडा २.७ झाला, पुढच्या वेळीही तेवढाच आला, आणि मगच इंजेक्शनं थांबवली.

पंधराची चिठ्ठी पाहून गल्लीतल्या केमिस्टचा फोन आला. ‘‘डॉक्टर, दीड लिहायचंय का? पॉइंट राहिला असेल.’’ मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला. त्यानंतर चिठ्ठीवर ‘टीबीची औषधं चालू असल्यामुळे’ हे लिहायला लागलो.

या दिवसांत त्यांना लक्ष द्यायला सांगितलेल्या गोष्टी दोन. झडपेची टिकटिक दबल्यासारखी वाटली, दम लागला, हात-तोंड वाकडं झालं, तर थेट रुग्णालय. ती गुठळीची खूण. दुसरी गोष्ट लघवीच्या रंगाची. वॉरफरिन घेणाऱ्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की लघवी लाल दिसली की धावत या. रिफाम्पिसिनने ती नारिंगी होतेच. त्या घाबरून बाटली घेऊन आल्या. नारिंगी, पण स्वच्छ, पारदर्शक. सकाळच्या गोळीनंतर काही तास गडद आणि रात्री फिकी. रक्ताची लघवी गढूळ, धुरकट असते, कधी गाठी पडतात. डोळ्यांवर विसंबलो नाही. मूळ रंगामुळे पट्टीचा रंगही फसवू शकतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी बघायला सांगितल्या. त्या नव्हत्या.

गणपतीला त्यांना कणकवलीकडे जायचं होतं. प्रवासात मळमळ नको म्हणून टीबीच्या गोळ्या आठवडाभर थांबवू का, असं त्यांनी विचारलं. अशी सुट्टी कुणालाच घेऊ नये, पण त्यांच्यासाठी तिचा अर्थ भलताच होता. रिफाम्पिसिन थांबलं की एन्झाइम ओसरणार आणि पोटात मात्र तिप्पट वॉरफरिन जात राहणार. मळमळ कमी करायची, जेवणाआधी घ्यायची गोळी दिली आणि टीबीच्या गोळ्या त्यांनी सोबत नेल्या. तिथेही कणकवलीत एकदा आयएनआर झाला, २.९. उलट्या होऊन डोळे पिवळे दिसले तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, हेही लिहून दिलं होतं. टीबीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आली तर गोळ्या थांबवाव्या लागतात आणि यकृतही गोठण्याचे घटक कमी बनवतं. आयएनआर मग दोन्ही बाजूंनी चढतो.

सप्टेंबरात कोर्स संपला. घरात पेढे वाटले गेले, आणि माझ्या हिशेबाने जपायचे आठवडे तिथून सुरू झाले. पहिल्या आठवड्यात आकडा ३.१ होता, म्हणजे जादा माणसं अजून कामावरच. तरी वाट न बघता साडेबारा केलं. पुढच्या आठवड्यात ३.९ आणि ब्रश करताना हिरडीतून रक्त. एक डोस चुकवला, मग दहा. नंतर साडेसात. त्यांना नवी सूचना होती, आधीच्या सूचनेच्या नेमकी उलट. गोळी बंद झाल्यावर नारिंगी रंग एक-दोन दिवसांत जातो, त्यानंतर लघवी लाल दिसली तर ती औषधाची समजायची नाही.

पाचव्या आठवड्यात त्या पाच मिलिग्रॅमवर परतल्या. आकडा २.८. पुढची तारीख महिन्यानंतरची दिली.