तीन विरुद्ध तीन

‘जास्त काही नको, फक्त हो की नाही तेवढं सांगा,’ म्हणणाऱ्यांसाठी मी पाच पत्त्यांची मांडणी करते. पत्ता सुलट आला तर हो, उलट आला तर नाही. मधल्या पत्त्याला दोन गुण, बाजूच्या चारांना एकेक, असे एकूण सहा. सुलट बाजूला चार किंवा जास्त गुण पडले तर हो, दोन किंवा कमी पडले तर नाही. तीन-तीन झाले की ‘कदाचित’. समोरच्या माणसाचा चेहरा इथेच पडतो.

पाचही पत्त्यांना एकेकच गुण दिला असता तर बरोबरी झालीच नसती. मधल्याचं वजन दुप्पट केलं म्हणून ती होते, आणि डेक नीट पिसलेला असेल तर सरासरी चार मांडण्यांत एकदा होते. म्हणून ‘कदाचित’ आलं की त्यात लगेच गूढ संकेत शोधू नये. तरीही मी ही मांडणी सोडत नाही. तीन पत्त्यांत निकाल नेहमीच लागतो, पण बहुतेक वेळा तो दोन विरुद्ध एक असा असतो, आणि ऐकणारा तो एक पत्ता विसरून घरी जातो.

पिसण्याची मात्र खात्री हवी. नवा डेक खोक्यातून काढला की त्याचे 78 पत्ते सुलटच असतात. नुसते वरखाली करून पिसले तर ते सुलटच राहतात आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ मिळत जातं. अर्धा डेक फिरवून उरलेल्यात मिसळावा लागतो, तोही दोन-तीनदा. आधीच्या वाचनानंतर पत्ते सरळ करून ठेवायची सवय असेल तर हे दर वेळी करावं लागतं. सलग तीन जणांना ठणठणीत ‘हो’ आलं, तर मी आधी डेक तपासते.

एका बँकेत नोकरी करणाऱ्या बाई आल्या होत्या. प्रश्न असा : ‘ह्यांची नागपूरला बदली झाली तर मी नोकरी सोडू का?’ मध्ये टू ऑफ सोर्ड्स आला, सुलट. डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारींची फुली, मागे समुद्र. एट ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे बाकावर बसून एकेक नाणं घडवणारा कारागीर, तोही सुलट. सिक्स ऑफ वाँड्स, द मून आणि नाइट ऑफ कप्स उलट. तीन विरुद्ध तीन.

‘ताई, अजून एक पत्ता काढा ना,’ त्या म्हणाल्या. मी काढला नाही. सहावा पत्ता बरोबरी मोडतो खरा, पण मग निकाल त्या एकाच पत्त्याचा होतो आणि आधीचे पाच वाया जातात. शिवाय तोही नावडता निघाला की सातवा मागितला जातो.

मी आधी प्रश्न तपासला. त्यात दोन प्रश्न होते. बदली होईल का, हा एक. तो त्यांच्या हातात नव्हता. नोकरी सोडावी का, हा दुसरा. तो पहिल्यावर टेकला होता. कोकणात देवाला कौल लावताना पाकळी उजवीकडेही पडेना आणि डावीकडेही, तर गाऱ्हाणं पुन्हा घालतात. मीही तेच करते, फक्त विचारणाऱ्याच्या तोंडून.

नवा प्रश्न घालण्याआधी मधला पत्ता वाचून घेतला. टू ऑफ सोर्ड्सला मी नकार मानत नाही. बघायचं टाळून धरलेला तोल मानते. ‘बँकेत चौकशी केलीत का? नागपूरला शाखा असेल, बिनपगारी रजा असेल,’ मी विचारलं. केली नव्हती. बदलीची मागणी केली की साहेब वेगळ्या नजरेने बघतील, अशी त्यांना भीती होती. उलटा सिक्स ऑफ वाँड्स, मिरवणुकीतला तो विजयी घोडेस्वार डोकं खाली घालून, तिथे चपखल बसत होता. कारागिराच्या पत्त्यावर त्या स्वतःच बोलल्या, ‘काम आवडतं हो मला.’

प्रश्न असा झाला : ‘या महिन्यात मी बदलीचा अर्ज करू का?’ कृती एक, करणारी व्यक्ती हजर, मुदत ठरलेली. पुन्हा पिसून पाच पत्ते मांडले, सुलट बाजूला पाच गुण पडले. त्यांनी अर्ज केला. त्याचं पुढे काय झालं, हे त्यांनी कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

प्रश्न स्वच्छ करूनही कधी कधी तीन-तीन येतं. तेव्हा मी तारीख घालून पाचही पत्ते वहीत उतरवून देते आणि परिस्थितीत काही बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा घेत नाही. नवी बातमी, नवा कागद, कुणाचा तरी होकार, असं काहीतरी हातात हवं. आजाराचं निदान, कोर्टाचा निकाल किंवा दुसऱ्याच्या मनातलं प्रेम यांवर तर मी हो-नाही मांडतच नाही. तिथे ‘कदाचित’ आलं तर माणूस झुरतो, आणि ‘हो’ आलं तर डॉक्टरकडे जायचं टाळतो. काही जण रागावून दुसऱ्या टॅरोवालीकडे जातात. तिचा डेक नवाकोरा असेल तर त्यांना हवं ते उत्तर मिळतंही.