परत आलं न्हाईत

मेढ्याच्या घरी बसून मी आठवड्यातून तीन संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही भाषा शिकले, तेव्हा वाटायचं की हिच्यात अवघड काही असेल तर ती क्रियापदांची रूपं. शिकवायला लागल्यावर कळलं, रूपं पाठ होतात. माणसं अडखळतात ती साध्या दिसणाऱ्या जोडक्रियापदांवर: आकाबार दे, बोल्वेर आ, सोलेर, तेनेर गानास दे. कोशातले अर्थ अनुक्रमे नुकतंच करणं, पुन्हा करणं, सहसा करणं आणि करावंसं वाटणं. एवढंच. आणि एवढ्यावर विसंबलं की वाक्य पडतं.

गेल्या शिमग्याच्या सुमारास मी वर्गाला पुस्तकातला उतारा न देता आजीचं बोलणं भाषांतराला दिलं. आजोबा मुंबईत माथाडी होते. जावळीतल्या कितीतरी घरांतले पुरुष तिथेच होते, त्यात नवल नाही. आजी म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहून काढलं होतं:

"शिमग्याला यायचं त्ये. यष्टीतनं उतरलं की आदी वेण्णंवर पाय धुयाचं, मग घरात यायचं. एकदा नुकतंच आलं हुतं, च्या बी झाला न्हवता, तवर मुंबैचा सांगावा आला. परत गेलं. त्या सालात परत आलं न्हाईत. मलाबी मुंबै बघावी वाटायची."

सहा ओळी आणि चारही क्रियापदं हजर. मुद्दाम जुळवलेलं नाही, आजी बोलतेच अशी.

पहिल्या भाषांतरात 'सोलीआ' तीनदा आलं. यायचे, धुवायचे, यायचे. तिन्ही ठिकाणी सोलेरचं भूतकाळी रूप. व्याकरणाने चूक नाही, पण स्पॅनिश माणूस असं बोलणार नाही. त्यांच्या साध्या अपूर्ण भूतकाळातच सवय असते. 'बेनीआ' म्हटलं की 'येई, यायचा' झालं. आपल्याकडेही 'येई, करी, बसे' हा रीतिभूतकाळ एका शब्दात सवय सांगतो. (गंमत अशी की हीच 'करी, बसे' रूपं 1290 च्या ज्ञानेश्वरीत वर्तमानकाळाची आहेत. काळ सरकत सरकत मागे गेला.) मग सोलेर कशाला हवं? ते सवयीला थोडी फट ठेवतं: बहुतेक वेळा असं होई, एखादं वर्ष चुकेही. म्हणून 'नेहमी'च्या शेजारी ते अवघडून बसतं. आजीच्या उताऱ्यात पहिल्या वाक्याला एकदा सोलीआ दिलं की बस. पाय धुण्याला नको, कारण तिथे फट नव्हतीच. आजोबा पाय न धुता घरात आले असं कधी झालं नाही.

सोलेरची दुसरी खोड इंग्रजीतून शिकलेल्यांना बाधते, आणि आपल्या '-यचा'मुळे मराठी माणसालाही. 'आजोबा मुंबईत राहायचे' हे मराठीत नीट आहे, म्हणून विद्यार्थी 'सोलीआ' लावून मोकळे होतात. पण राहणं ही सलग स्थिती, पुनःपुन्हा घडणारी गोष्ट नव्हे. तिथे नुसतं 'बीबीआ'. माझी कसोटी सोपी आहे: वाक्यात 'बहुतेक वेळा' घालून बघायचं. 'आजोबा बहुतेक वेळा मुंबईत राहायचे' म्हटल्यावर बाकीच्या वेळी कुठे असायचे, असा प्रश्न उभा राहिला, तर सोलेर काढून टाकायचं. या क्रियापदाला भविष्यकाळही नाही, हे जाता जाता. सवय उद्याची कशी असणार?

आता 'नुकतंच आलं हुतं'. एका मुलाने लिहिलं, 'आकाबो दे येगार', शेवटच्या 'बो'वर जोर देऊन. देवनागरीत हा जोर दिसत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. 'का'वर जोर दिला तर 'मी आत्ताच आलोय', 'बो'वर दिला तर 'त्याने संपवलं'. आकाबारचा मूळ अर्थच संपणं. 'नुकतंच' हा अर्थ त्याच्यात दोन काळांपुरता येतो: वर्तमानात 'आत्ताच आलोय', आणि अपूर्ण भूतकाळात, 'आकाबाबा दे', म्हणजे 'नुकताच आला होता'. पूर्ण भूतकाळात घातलं की निदान स्पेनमध्ये तरी ते पुन्हा 'संपवणं' होतं. 'पुस्तक वाचून संपवलं' हे ठीक, पण 'येऊन संपवलं' म्हणजे आजोबा दिवसभर येतच होते आणि तिन्हीसांजेला त्यांचं येणं एकदाचं उरकलं. वर्ग हसला. मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या गावच्या यष्टीचं असंच असतंय." आकाबाबा लावल्यावर वाक्य जाग्यावर आलं, आणि 'च्या बी झाला न्हवता' त्याला बिलगून बसलं.

नकारात तर हे क्रियापद रंगच बदलतं. 'नो आकाबो दे एन्तेन्देर' याचं 'मला नुकतंच कळलं नाही' असं भाषांतर मी स्वतः एकदा केलेलं आहे, आणि ते छापूनही आलं. खरा अर्थ 'मला काही केल्या नीट कळत नाहीये'. समजणं सुरू आहे, पूर्णत्वाला जात नाही. त्या ओळीची आठवण आली की अजून कान तापतात.

पण खरी अडचण आजीच्या 'परत'ची. 'परत आलं न्हाईत' याचं स्पॅनिश दोन प्रकारे होतं. 'नो बोल्व्यो' म्हणजे माघारी आले नाहीत. 'नो बोल्व्यो आ बेनीर' म्हणजे पुन्हा आले नाहीत. क्रियापद एकच, एवढंच की पुढे 'आ' आणि मूळ रूप जोडलं की वाटेचा अर्थ गळून फेऱ्यांची मोजदाद उरते. आपला 'परत' दोन्ही ओझी एकाच डोक्यावर वाहतो, म्हणून मराठी माणसाला बोल्वेर आ पटकन भावतं आणि पटकन फसवतंही. 'परत'च्या जागी 'पुन्हा' घालून अर्थ टिकला तर बोल्वेर आ, 'माघारी' घालून टिकला तर नुसतं बोल्वेर. इथे दोन्ही टिकतात. शेवटी आजीलाच विचारलं, माघारी की पुन्यांदा?

"आलं न्हाईत म्हंजे न्हाईत," ती म्हणाली. "पोरांनी काय बी लिवू दे."

मी 'बोल्वेर आ' ठेवलं. तिच्या बोलण्यात शिमगे मोजलेले होते, अंतर नव्हतं.

राहिली शेवटची ओळ. बहुतेकांनी 'केरीआ' लिहिलं, 'तिला मुंबई बघायची होती'. पण बघायची असणं हा बेत झाला. बघावीशी वाटणं हे आपसूक येतं. मराठीत म्हणून तर 'मी' जाऊन 'मला' होतं. स्पॅनिशमध्ये माणूस कर्ता होऊन ही ओढ बाळगतो, तेनेर गानास, ओढ असणं. 'तेनीआ गानास दे बेर बोम्बाई'. एका मुलीने पुढे आपणहून एक वाक्य जोडलं होतं: 'से केदो कोन लास गानास', इच्छा मनातच राहिली. वाक्य सुरेख होतं. पण मुळात ते नव्हतं, म्हणून आजीला विचारून घेतलं.

"बघितली की," आजी म्हणाली. "ह्यांच्यासंगंच. आठ दीस व्हते. गर्दी नुसती."

मुलीची ओळ खोडली आणि तिथे मी लिहिलं: 'नो बोल्व्यो आ तेनेर गानास.' तिला पुन्हा कधी जावंसं वाटलं नाही.