एक फुल्ल, पनवेल

बाबा हॉस्पिटलात गेले तेव्हा दारातला आंबा कैऱ्यांनी वाकला होता. परत आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मधल्या दिवसांत मी पनवेल ते मुंबई हार्बरने इतक्या वेळा गेले, की स्टेशनांची घोषणा झोपेतही ऐकू यायची.

येताना वाशीच्या खाडीपुलावर बाबांनी गाडीची काच खाली करायला लावली. कळंबोली दिसल्यावर म्हणाले, "आलं आपलं." दारात शेजारच्या काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तेवढ्यात मी एक फोटो काढला. बाबा उंबऱ्यावर, एक हात चौकटीला.

आता हा टाकायचा, खाली चार शब्द लिहायचे. सोपं वाटलं होतं.

पहिला मजकूर : 'मोठ्या संकटातून बाहेर पडून बाबा अखेर घरी!' पाठवण्याआधी तो मी आमच्या लांबच्या काकांच्या नजरेने वाचला. काका लगेच विचारणार, कसलं संकट? खोडला.

दुसऱ्यात दिवसांचा आकडा आणि 'झुंज' हा शब्द होता. आकडा दिसला की लोक हिशेब करतात. एवढे दिवस म्हणजे नक्की अमुकच असणार, असा निदानाचा खेळ सुरू होतो. खोडला.

तिसरा : 'बाबा आता ठणठणीत!' हे खरं नव्हतं. जिना चढताना ते दोनदा थांबले होते. असं लिहिलं असतं तर आठवड्याभरात कुणीतरी लग्नाला बोलावलं असतं, आणि नाही म्हणताना सगळी कहाणी सांगावी लागली असती.

मग फोटो मोठा करून पाहिला. मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा तसाच होता, त्यावर नाव आणि नंबर. आईच्या काखेत फाईल, तिच्यावरची अक्षरं वाचता येत होती. शब्द कितीही जपून लिहिले असते, तरी फोटोने सगळं सांगितलं असतं. मी तो कापला. चेहरा, खांदा आणि चौकटीवरचा हात राहिला. लोकेशनही काढून टाकलं.

एवढं झाल्यावर बाबांना विचारायचं सुचलं. खरं तर तेच आधी करायला हवं होतं.

"बाबा, तुमचा फोटो स्टेटसला ठेवू का?"

"ठेव. पण काय झालं होतं ते लिहू नकोस."

"मग लिहू काय?"

बाबा पनवेल डेपोला एसटीत कंडक्टर होते. डोळे मिटूनच म्हणाले, "अगं, माणूस गाडीत चढला की आम्ही कुठून कुठे एवढंच विचारायचो. कशाला निघालात, हे विचारायचं नसतं. तिकिटावर तेवढ्याला जागाही नसते."

मला माझं कॅप्शन मिळालं. 'कुठून' तेवढं मी गाळलं, कारण त्यावरून हॉस्पिटलचं नाव निघालं असतं.

'एक फुल्ल, पनवेल. बाबा घरी आले. सध्या आराम चालू आहे, त्यांचा फोन माझ्याकडे आहे. भेटायला कधी यायचं ते मीच कळवते.'

शेवटची दोन वाक्यं रुक्ष वाटतील, पण खरं काम त्यांनीच केलं. घरी आल्याची बातमी कळली की आपल्याकडे माणसं नारळपाणी घेऊन त्याच संध्याकाळी दारात उभी राहतात. त्यांचं प्रेम खरंच असतं, पण त्या संध्याकाळी बाबांना झोप हवी होती.

टाकण्याआधी आत्याला आणि मामाला फोन केले. सख्ख्या बहिणीला भावाची बातमी स्टेटसवरून कळली, तर तो रुसवा स्टेटसच्या 24 तासांत संपत नाही.

तरी दोघांनी विचारलंच, "नक्की झालं काय होतं?" मी दोघांनाही एकच लिहिलं : 'आता घरी आहेत. जेवण जातंय.' प्रश्नाचं उत्तर नव्हतं ते, पण खोटंही नव्हतं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

रात्री बाबांना सगळे निरोप वाचून दाखवले. 'काळजी घ्या', 'देवाची कृपा' यांवर ते नुसते हुं हुं करत होते. त्यांच्या जुन्या ड्रायव्हर काकांनी दोनच शब्द पाठवले होते : 'डबल बेल!'

एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाबा हसले. मग खोकला येईल म्हणून आईने हसू नका म्हटलं, तर आणखी हसले.

पट्टा तेव्हा मनगटावरच होता. तो मी कात्रीने कापला आणि दिवा मालवला.